कापलेल्या फोटोतला ‘उसने’: मराठीत त्याने लिहू, तिने लिहू, की आणखी काही?

संत्राबाग

नमस्कार मंडळी. वरूड तालुक्यातलं आमचं गाव मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. मुलताईकडच्या गावांशी इथल्या कितीतरी घरांची सोयरीक, त्यामुळे हिंदीतले कागद सतत येतात आणि मराठीत करून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. परवा एक मुलगी मोबाइलवर फोटो घेऊन आली. तिच्या आईचं माहेर पलीकडे बैतुल जिल्ह्यात. माहेरच्या शेतीच्या कुठल्याशा कागदाचा फोटो एका नातेवाइकाने पाठवलाय. कागदाचा वरचा भाग फोटोत नाही, उजवी कडाही कापली गेलीय. दिसतं ते जसंच्या तसं देते:

> … की मृत्यु के बाद जमीन दोनों के नाम दर्ज हुई।
> उसने अपना हिस्सा छोड़ दिया है और इस संबंध में
> पंचों के सामने बयान दिया है। बयान पढ़कर सुनाया
> गया, उसने सही होना स्वीकार किया। अब गाँव में नहीं रह
> और खेती उसके भाई द्वारा की जा रही है।

चौथ्या ओळीत ‘रह’ झाल्यावर फोटो संपतो.

घरची हकीकत अशी. आई आणि दोन मामा, तिघं भावंडं. थोरला मामा गावात राहून शेती करतो. धाकटा कामासाठी सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. आई लग्न होऊन इकडे आली. म्हणजे गावात न राहणारं, हिस्सा असू शकणारं आणि भाऊ शेती करतोय असं माणूस आईही असू शकते आणि धाकटा मामाही. आई म्हणते, वडील गेल्यावर कशावर तरी अंगठा दिला होता. कशावर ते तिला सांगता येत नाही.

हिंदीत ‘उसने’ एकच. मराठीत मला त्याने किंवा तिने लिहावंच लागतं. तिने लिहिलं तर आईने हिस्सा सोडला असा मराठी कागद माझ्या हातून तयार होतो आणि उद्या तो मामांसमोर ठेवला जातो. त्याने लिहिलं तर आई समजणार की आपलं नाव शाबूत आहे. हा शब्द तुम्ही कसा लिहाल, आणि धरलेली गोष्ट धरली आहे असं कसं सांगाल?

ठेचाभाकर

ताई, एवढा विचार काऊन करून रायल्या? ‘त्यांनी’ लिहा अन् मोकळ्या व्हा. माणूस असो का बाई, त्यांनी दोघाइले चालते. आमच्याकडे तर कागदावर सगळ्याइलेच मानानं लिवतेत.

दुपारची_एसटी

वरच्या ओळीत ‘की मृत्यु’ आहे ना? ‘का’ नाही, ‘की’ आहे. म्हणजे विषय बाईचाच आहे. तिने लिहा.

कोर्टकागद

मी नागपुरात बरीच वर्षं कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करत आलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ‘की’. ते ‘की’ मृत्यु या शब्दाला लागलंय, कारण हिंदीत मृत्यु स्त्रीलिंगी आहे. आजोबा वारले तरी ‘की मृत्यु’ आणि आजी वारली तरी ‘की मृत्यु’. शिवाय जी व्यक्ती वारली ती काही हिस्सा सोडायला येणार नाही, त्यामुळे त्या ओळीवरून ‘उसने’बद्दल काहीच निघत नाही.

आता ‘उसने’. हिंदीत ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. ‘छोड़ दिया’ हे हिस्सा या शब्दामुळे, ‘बयान दिया’ हे बयान या शब्दामुळे, ‘स्वीकार किया’चीही तीच गत. ‘उसके भाई’मधला ‘उसके’ भावाकडे बघून ठरलाय, भाऊ कोणाचा त्यावरून नाही. ‘अपना’ पुन्हा हिस्स्यावरून. म्हणजे या अख्ख्या तुकड्यात कर्त्याचं लिंग दाखवू शकणारी एकच जागा होती, ‘नहीं रह…’. तिथे ‘ने’ नाही, म्हणून पुढे ‘रहता’ किंवा ‘रहती’ असं काहीतरी आलं असतं. नेमकी तीच कापली गेलीय.

संत्राबाग, आधी तीच कडा नीट बघा. कागद छापील आहे की हाताने लिहिलेला? ‘रह’च्या पुढे ‘त’चा थोडाही भाग दिसतो का? हाताने लिहिणारे बरेच जण दीर्घ ईची वरची कमान ‘त’च्या आधीपासूनच ओढायला घेतात. शिरोरेषेच्या वर कडेला वाकलेल्या रेघेचा तुकडा असेल तर तो ‘रहती’च्या बाजूचा पुरावा.

आणि ठेचाभाकर, ‘त्यांनी’ एरवी चाललं असतं, इथे घात करेल. मागच्याच वाक्यात ‘दोनों के नाम’ आहे. ‘जमीन दोघांच्या नावे लागली. त्यांनी आपला हिस्सा सोडला.’ हे वाचून तुम्हाला काय कळलं? दोघांनीही हिस्सा सोडला, असंच ना? हिंदीत ‘उसने’ ठामपणे एकवचनी आहे. लिंग लपवायला गेलो आणि वचन बिघडवून बसलो, असं होईल.

ठेचाभाकर

हे खरं हाय. मागच्या वाक्याकडे माह्या ध्यानच नव्हतं. त्याइनं म्हटलं का दोघंही आले.

बांधावरचा_बाभूळ

ताई, त्या आईला सांगा की घाबरू नको. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, कायदा 2005 ला बदलला, आणि सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात तो जन्मापासूनचा म्हणून पक्का केला. माझ्या आत्याचं असंच झालं. भावांनी कोऱ्या कागदावर सही घेतली. आम्ही तलाठ्याकडे गेलो, फेरफारावर हरकत घेतली, अजून चालूच आहे. हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं लागतं, नुसतं पंचांसमोर बोलून जमीन सुटत नाही. तुमच्या केसमध्ये पण आधी हरकत टाका.

संत्राबाग

बाभूळ, आत्याबद्दल वाईट वाटलं. ही माहिती त्या मुलीला जरूर सांगेन. पण आईने हिस्सा सोडला की नाही हेच अजून माहीत नाही, आणि ते ठरवणं माझं काम नाही. मला फक्त या पाच ओळी मराठीत करायच्या आहेत, त्यात नसलेलं काही न घालता.

कोर्टकागद, कागद हाताने लिहिलेला आहे, निळी शाई. फोटो मोठा करून पाहिला. ‘ह’ पूर्ण दिसतो, पुढे शिरोरेषा जरा वाढलेली दिसते आणि संपतं. ‘त’ नाहीच. वर कमानीसारखं काही नाही, पण जेवढं दिसतं तेवढ्यात ती असण्याजोगी जागाही नाही. फोटो मोठा केला की अक्षरांच्या कडा चौकटी-चौकटींच्या होतात.

कोर्टकागद

मग त्यावरून काहीही धरू नका. कमान दिसत नाही म्हणजे ‘रहता’ आहे, असं म्हणता येणार नाही. जिथे ती दिसली असती तो भागच फोटोत नाही.

फोटो कसा आलाय ते विचारलंत का? व्हॉट्सअ‍ॅपवर उभा फोटो चॅटमध्ये वरून-खालून कापलेला दिसतो, त्यावर बोट दाबलं की पूर्ण उघडतो. पुष्कळ लोक तो न उघडता चॅटचाच स्क्रीनशॉट पुढे पाठवतात. तसं असेल तर ज्याच्याकडून आला त्याच्या मोबाइलमध्ये वरचा भाग शाबूत असेल. त्याला मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे दाबून बारीक होणार नाही.

संत्राबाग

विचारलं. पाठवणाऱ्याला तो दुसऱ्या कुणाकडून आलाय आणि तो माणूस फोन उचलत नाही. फोटोत वर वेळ, बॅटरी असं काही दिसत नाही, म्हणजे स्क्रीनशॉट असेल तर नंतर पुन्हा कातरलेला. मुद्दाम कापला का, अशी शंका मुलीला आहे. त्यावर मी काही बोलले नाही.

सीमेपलीकडचा

मी पांढुर्ण्याचा. घरी मराठी, कचेरीत हिंदी, त्यामुळे असे कागद रोजचे. हा पटवारीच्या मौका पंचनाम्यासारखा वाटतो. खात्री देत नाही, कारण डोकंच कापलेलं आहे.

आमच्याकडे अशा कागदाच्या वरच्या भागात नाव बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाशी जोडून लिहितात. पुरुष असेल तर ‘अमुक पिता तमुक’. लग्न झालेली बाई असेल तर बहुतेक वेळा ‘अमुकबाई पति तमुक’, विधवा असेल तर ‘बेवा’. तो एक शब्द मिळाला की तुमचा प्रश्न सुटला. पण एक सांगतो, वरचा भाग मिळाला आणि त्यात नुसतं ‘आवेदक’ असेल तर त्यावरून पुरुष धरू नका. काही लिहिणारे बाईला ‘आवेदिका’ लिहितात, पुष्कळ जण सगळ्यांनाच ‘आवेदक’ लिहून पुढे जातात. ‘पिता’ दिसलं म्हणूनही लगेच पुरुष नको. माहेरच्या कागदात लेकीचं नाव बापाच्या नावाशी जोडलेलंही सापडतं. नाव पूर्ण वाचा.

एमपी भूलेखवर गावाचं नाव आणि खसरा क्रमांक टाकला तर आज जमीन कोणाच्या नावे आहे ते दिसतं. ते जरूर बघा.

कोर्टकागद

सीमेपलीकडचा, माहिती मोलाची आहे. फक्त भूलेखवर दिसेल ती आजची नोंद. हा कागद कधीचा ते माहीत नाही. आज तिथे आईचं नाव नसलं तरी ‘उसने’ म्हणजे आई असं त्यावरून सिद्ध होत नाही. नाव दुसऱ्या एखाद्या फेरफाराने गेलं असेल, किंवा कधी चढलंच नसेल. त्या माहितीवर भाषांतरातला शब्द ठरवू नये. शेजारी वेगळी टीप म्हणून द्यायला हरकत नाही.

दुपारची_एसटी

फोटोत अंगठा आहे का? पुरुषांचा डावा आणि बायकांचा उजवा घेतात. त्यावरून कळेल.

संत्राबाग

खालच्या कोपऱ्यात अर्धा ठसा आहे, शाई पसरलेली. नाव दिसत नाही.

सीमेपलीकडचा

डाव्या-उजव्याची पद्धत पाळतात काही ठिकाणी, सगळीकडे नाही. शेजारी लिहिलेलं नसेल तर पसरलेल्या अर्ध्या ठशावरून कोणता हात ते आपल्याला ओळखता येणार नाही. आणि पंचनाम्याखाली पंचांचेही अंगठे असतात. तो ठसा एखाद्या पंचाचा असू शकतो.

मुलचेरा_मास्तर

माझा अनुभव थोडा वेगळा, पण याच प्रश्नाचा. आमच्या मुलचेरा, चामोर्शी भागात बंगाली वस्ती मोठी आहे. पालकांच्या चिठ्ठ्या येतात, कधी वहीचं अर्धंच पान. बंगालीत ‘से’ म्हणजे तोही आणि तीही, आणि क्रियापदसुद्धा काही सांगत नाही. ‘से आज आसबे ना’ एवढाच कागद हातात असला तर मुलगा येणार नाही की मुलगी, ते कळायला मार्गच नाही. हिंदीत निदान ‘रहता-रहती’ची आशा असते. मी हजेरीपटावर नोंदताना ‘आज येणार नाही’ एवढंच लिहितो, कर्ता घालतच नाही. मराठीत कर्ता गाळता येतो. संत्राबाग, तुम्हीही तसं करून बघा: ‘स्वतःचा हिस्सा सोडला आहे आणि पंचांसमोर बयान दिलं आहे.’

संत्राबाग

मास्तर, हे मला आवडलं होतं. करूनही पाहिलं: ‘जमीन दोघांच्या नावे लागली. स्वतःचा हिस्सा सोडला आहे आणि तसं बयान पंचांसमोर दिलं आहे.’ मुलीला वाचून दाखवलं तर ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे आईनं सोडला ना?’ तिच्या मनात आधीपासून तेच होतं, आणि वाक्याने तिला अडवलं नाही.

मुलचेरा_मास्तर

बरोबर आहे. माझ्या चिठ्ठीत चालतं, कारण वर्गात कोण आलं नाही ते मला समोर दिसतं. तुमच्याकडे समोर काही नाही.

झाडीची_लेक

मी वाचत होते, एक गोष्ट खटकली. सगळे ‘उसने’वर अडलोय, पण संत्राबागने ‘दोनों के नाम’चं ‘दोघांच्या नावे’ केलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. मराठीत दोघं वेगळे आणि दोघी वेगळ्या. ‘दोघांच्या’ म्हटलं की दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष एक बाई. आजोबा वारल्यावर जमीन आजी आणि आई अशा दोघींच्या नावे लागली नसेल कशावरून? हिंदीतल्या ‘दोनों’त हे काहीच नाही. आपण एका शब्दावर चर्चा करतोय आणि दुसरा शब्द गुपचूप ठरवून टाकला.

कोर्टकागद

अगदी रास्त. ‘दोन्ही नावांवर’ लिहा. मूळ शब्द ‘नाम’ आहेच, त्यामुळे काही वाढवावं लागत नाही आणि लिंगही लपतं. ‘दोन्ही वारसांच्या’ असं मात्र लिहू नका, वारस हा शब्द कागदात नाही.

उलट्या बाजूने एक सोय आहे. हिंदीत जिथे लिंग उघड होणार होतं ते ‘नहीं रहता/रहती’ मराठीत ‘राहत नाही’ असं होतं, तोही राहत नाही आणि तीही राहत नाही. तेवढी जागा बिनधोक आहे. पण तिथेच टीप द्या की मूळ शब्द कापला आहे आणि पूर्ण शब्द मिळाला तर पुरुष की स्त्री हे कळू शकेल. ज्याच्या हाती हा कागद जाईल त्याला मूळ कागदात नेमकं कुठे बघायचं ते समजेल.

आता ‘उसने’साठी मी असा कागद कसा केला असता ते सांगतो. पुरावा झुकता असता, समजा अर्धी कमान दिसली असती, तर ‘तिने’ लिहून खाली टीप दिली असती: मूळ सर्वनामावरून लिंग कळत नाही, अमुक कारणाने स्त्री धरली आहे, वरचा भाग मिळाल्यास बदलेल. इथे पुरावा कुठेच झुकत नाही. म्हणून ‘व्यक्ती’ लिहावं आणि तळाशी टीप द्यावी.

झाडीची_लेक

तळाशी टीप नको! हा सगळा गोंधळ कशामुळे झाला? कुणीतरी कागदाचा फोटो काढला आणि वरचा भाग कापला गेला. संत्राबागच्या मराठी कागदाचाही कुणीतरी फोटो काढणार आणि तळाची टीप कापली जाणार. भाषांतर एका बाजूला, टीप दुसऱ्या बाजूला. धरलेली गोष्ट त्याच वाक्यात हवी, शब्दाला चिकटून, म्हणजे वाक्य गेलं तर टीपही जाईल आणि वाक्य राहिलं तर टीपही राहील.

कोर्टकागद

कोर्टाच्या कागदात मजकूर मोकळा आणि टिपा तळाशी, अशी आमची सवय. पण तो कागद फाइलला टाचलेला असतो, सुटा फिरत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या कागदाला तुमचं म्हणणं लागू आहे, मान्य. मजकुरातच चौकटी कंसात लिहा.

सीमेपलीकडचा

चौकटी कंस यासाठीही बरा, की मूळ कागदात साधा कंस असू शकतो. भाषांतरकाराचे शब्द वेगळे दिसले पाहिजेत.

संत्राबाग

सगळ्यांचं धरून असं केलंय. बघा:

> [कागदाचा वरचा भाग फोटोत नाही] … च्या मृत्यूनंतर जमीन दोन्ही नावांवर लागली. त्या व्यक्तीने [मूळ शब्द ‘उसने’, पुरुष की स्त्री ते यातून कळत नाही] स्वतःचा हिस्सा सोडला आहे आणि तसं बयान पंचांसमोर दिलं आहे. बयान वाचून दाखवण्यात आलं, ते बरोबर असल्याचं तिने मान्य केलं. आता गावात राहत नाही [इथे मूळ शब्द कापला आहे, पूर्ण मिळाल्यास पुरुष की स्त्री ते कळू शकेल] आणि शेती तिच्या भावाकडून केली जात आहे.

झाडीची_लेक

थांबा, ‘तिने मान्य केलं’ आणि ‘तिच्या भावाकडून’ कुठून आलं? व्यक्ती हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून पुढे आपोआप तिने, तिच्या झालं. व्याकरणाने बरोबर आहे. पण ऐकणाऱ्या आईच्या कानावर ‘तिने मान्य केलं’ हेच पडणार. जे दारातून बाहेर काढलं ते खिडकीतून आत आलं.

कोर्टकागद

हे फार बारीक आणि फार महत्त्वाचं. ‘व्यक्ती’ घेतली की पुढे सर्वनाम वापरायचंच नाही, दर वेळी ‘त्या व्यक्तीने’, ‘त्या व्यक्तीच्या’ असंच लिहायचं. कानाला जड लागेल, लागू द्या. आणि शक्यतो विभक्ती लावूनच वापरा. ‘हिस्सा सोडणारी व्यक्ती’ म्हटलं की ‘सोडणारी’ आली. ‘हिस्सा सोडणाऱ्या व्यक्तीने’ म्हटलं की ते दिसत नाही.

अजून एक. ‘उसके भाई’मधला ‘उस’ आणि ‘उसने’मधला ‘उस’ एकच, हेही आपण धरलंय. वाचताना तसंच वाटतं आणि बहुतेक तसंच असेल. पण धरलंय हे सांगा.

ठेचाभाकर

ताई, मी एक इचारू? त्या मायले वाचता येते का?

संत्राबाग

नाही. मुलगी वाचून दाखवणार.

ठेचाभाकर

मंग कंसातलं कोण वाचते? आमच्या घरी मी कागद वाचून दाखवतो तवा कंस आला का सोडून देतो. बोलायच्या वाक्यात सांगा, म्हणजे वाचणाराले सोडता येणार नाही.

झाडीची_लेक

ठेचाभाकर, शंभर टक्के. मी फोटोचा विचार केला, कानाचा केलाच नव्हता.

संत्राबाग

हा मुद्दा मला एकदम पटला. मुलीने पहिलं वाचलं तेव्हा ती कंसापाशी खरंच थांबून पुढे गेली होती. आता असं:

> या कागदाचा वरचा भाग फोटोत नाही, त्यामुळे नावं कोणाची ते दिसत नाही. कोणाच्या तरी मृत्यूनंतर जमीन दोन्ही नावांवर लागली, असं लिहिलं आहे. पुढे लिहिलं आहे की एका व्यक्तीने स्वतःचा हिस्सा सोडला आहे आणि तसं बयान पंचांसमोर दिलं आहे. ती व्यक्ती पुरुष की स्त्री ते हिंदी शब्दावरून कळत नाही, म्हणून भाषांतरात दोन्हीपैकी काही धरलेलं नाही. बयान वाचून दाखवण्यात आलं आणि ते बरोबर असल्याचं त्या व्यक्तीने मान्य केलं, असं लिहिलं आहे. पुढे ‘आता गावात राहत नाही’ असा मजकूर आहे, पण तिथला शब्द अर्धा कापला आहे आणि तो पूर्ण असता तर पुरुष की स्त्री ते कळू शकलं असतं. शेती भावाकडून केली जात आहे. भाऊ त्याच व्यक्तीचा, असं भाषांतर करताना धरलं आहे.

कोर्टकागद

घरात वाचून दाखवायला हे चांगलं झालंय. पण आता हे भाषांतर कमी आणि सांगणं जास्त झालंय. ‘असं लिहिलं आहे’ म्हणत तुम्ही कागदाबद्दल बोलताय. तहसीलमध्ये द्यायचं झालं तर हे चालणार नाही, तिथे ओळीला ओळ आणि चौकटी कंसच लागेल. दोन वेगळे कागद करा, एक वाचून दाखवायचा, एक द्यायचा.

झाडीची_लेक

दोन कागद झाले की घरात कोणता आणि कचेरीत कोणता, याची सरमिसळ होणार. मी एकच ठेवेन, बोलायचा.

सीमेपलीकडचा

कचेरीत पोचायच्या आधी त्या माणसाने फोन उचलला तर बरं. गावाचं नाव मला व्यनि करा, पटवारी हलका कोणता आणि नक्कल कुठे मागायची ते शोधून देतो. नक्कल मिळाली की त्यातला ‘रह’ पुढचा शब्द आधी बघा, मग वरचं नाव.

संत्राबाग

व्यनि केलाय. रविवारी मुलगी येईल तेव्हा बोलायचा कागद देईन आणि आईसमोर एकदा स्वतः वाचेन. कंसवाला अजून हातात देत नाही. ओळीला ओळ कचेरीत लागणारच असेल, तर त्याच्या प्रत्येक पानावर वरती आणि खालती दोन्हीकडे ‘अपूर्ण फोटोवरून केलेलं भाषांतर’ लिहावं का? कोर्टकागद, तुमच्याकडे तसं करतात का?

कोर्टकागद

आम्ही पहिल्या पानावर एकदा लिहितो. तुम्ही दोन्हीकडे लिहा, आणि कोणता भाग नाही तेही लिहा: वरचा भाग आणि उजवी कडा. नुसतं ‘अपूर्ण’ म्हटलं तर लोक समजतात की शेवट राहिलाय.